व्हेज काउंटर आहेच, पण दाणे-काजू नसलेलं काय आहे? एका मेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक सॉफ्टवेअर कंपनी, साधारण अडीचशे माणसं, एचआरमध्ये आम्ही चौघं. ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील थोडे बदललेत, जेवणाचे मात्र जसेच्या तसे ठेवलेत कारण सगळी मेख तिथेच आहे.

वर्षाला मोठे कार्यक्रम तीन-चार असतात, वर्धापनदिनाचं जेवण, गणपतीत पूजेचं जेवण, दिवाळीचा फराळ आणि डिसेंबरातली पार्टी. केटरर ठरलेला, एक काका, बरीच वर्षं तेच करतायत, महाराष्ट्रीय जेवण एक नंबर आणि सोबत एखादी पनीरची भाजी, नॉनव्हेजवाल्यांसाठी चिकन. कधी कोणाची तक्रार नव्हती, म्हणजे निदान आमच्यापर्यंत आली नव्हती.

वर्धापनदिनाच्या तीन आठवडे आधी एका नवीन मुलीचा मेल आला. इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा:

"नमस्कार, मी जुलैमध्ये जॉइन झाले. मला लहानपणापासून शेंगदाण्याची आणि काजू-पिस्त्याची अ‍ॅलर्जी आहे. थोडंसं पोटात गेलं तरी ओठ सुजतात, घसा आवळल्यासारखा होतो, एकदा अ‍ॅडमिटही व्हावं लागलंय. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. आत्तापर्यंतच्या कार्यक्रमांना मी घरून डबा आणला. त्याबद्दल तक्रार नाही, पण सगळे जेवत असताना वेगळा डबा उघडून बसलं की प्रत्येकाला कारण सांगावं लागतं. दाणे आणि सुका मेवा नसलेला एखादा शाकाहारी पर्याय मिळेल का, आणि तो तसा आहे हे केटररकडून खात्रीने कळेल का? सगळा मेनू बदला असं मी म्हणत नाही. केटररशी मी स्वतः बोलायला तयार आहे. फक्त ही माहिती सगळ्यांना कळू नये अशी इच्छा आहे."

माझ्या मते हा मेल फार नीट लिहिलेला होता. कशाची अ‍ॅलर्जी, झाली तर काय होतं, काय हवंय, काय नकोय, कोणाला कळू नये, सगळं त्यात होतं. तरीपण पहिलं उत्तर चुकलंच. टीममधल्या एकीने दहा मिनिटांत लिहून टाकलं की आपल्याकडे व्हेज काउंटर नेहमीच असतो, काळजी नसावी, पुढे एक स्मायली. तिचा हेतू वाईट नव्हता, दिवसाला असे पन्नास मेल येतात आणि "शाकाहारी" दिसलं की हात आपोआप हेच टाइप करतो.

त्यावर त्या मुलीचं एका ओळीचं उत्तर आलं: "व्हेज काउंटरवरच माझी जास्त अडचण आहे."

मग ते प्रकरण माझ्याकडे आलं.

अडचण नेमकी कुठे होती

शाकाहारी जेवण हवं असेल तर आपल्याकडे काहीच प्रॉब्लेम नाही, अर्धं जेवण तसंही शाकाहारीच असतं. नुसतं दाणे-काजू नको असेल तर चिकन सुक्का, भाकरी, भात खाऊन माणूस निभावून नेतो. पण दोन्ही एकत्र आलं की आपलं महाराष्ट्रीय समारंभाचं पान जवळजवळ रिकामं होतं, आणि हे मला तरी कागदावर लिहून काढेपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

काकांनी वर्धापनदिनाचा मेनू आधीच पाठवला होता. भरली वांगी, पनीर मखनी, अळूची पातळ भाजी, खमंग काकडी, मसालेभात, वरण-भात, पोळी, पापड, मठ्ठा आणि श्रीखंड. एकेक घेतला. भरल्या वांग्यांचा मसाला म्हणजे निम्मं दाण्याचं कूट. अळूत शेंगदाणे असतात आणि कार्यक्रमाचं असलं की वर काजूही. खमंग काकडीत कूट नसेल तर ती खमंग कसली. पनीर मखनीची गुळगुळीत लाल ग्रेव्ही काजूच्या पेस्टने घट्ट होते. मसालेभातात तळलेले काजू. श्रीखंडावर पिस्त्याचे काप आणि चारोळी, आणि ही चारोळी काजू-पिस्त्याच्याच कुळातली आहे, त्यामुळे काजूची अ‍ॅलर्जी असलेल्याने ती डॉक्टरांना न विचारता खाऊ नये. हे सगळं बाजूला काढल्यावर तिच्यासाठी काय उरलं तर वरण-भात, पोळी, पापड, मठ्ठा. आजारी माणसाचं जेवण.

गणपतीत उपवासाचं करायचं ठरलं तर अजून वाईट, साबुदाण्याची खिचडी कुटाशिवाय नाही आणि वरीबरोबर आमटी दाण्याचीच.

मग मी काकांना फोन केला आणि विचारलं की काका, तुमच्या व्हेजमध्ये नट्स कशाकशात आहेत. काका एकदम कॉन्फिडंट, "नाय मॅडम, नट्स फक्त मसालेभातात, काजू. बाकी कशात नाय."

"आणि दाणे?"

"दाणे तर असणारच ना! कुटाशिवाय काकडी कोण खाणार?"

म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता, त्यांच्या हिशेबात दाणे हा मसाला आहे, नट्स म्हणजे काजू-बदाम. शास्त्राच्या हिशेबानेही शेंगदाणा तूर-हरभऱ्याच्या जातीतला, झाडावरच्या सुक्या मेव्यातला नाहीच. पण अ‍ॅलर्जीच्या बाबतीत तो सगळ्यात त्रासदायक पदार्थांपैकी एक आहे, आणि काही जणांना फक्त त्याचीच असते, काहींना फक्त सुक्या मेव्याची, हिच्यासारख्यांना दोन्हीची. त्यामुळे केटररला "नट्स आहेत का" असं विचारून उपयोग नाही. तेव्हापासून मी पदार्थागणिक विचारते की ग्रेव्ही कशाने घट्ट केली, कूट कशात आहे, वरून काय पेरणार, तेल कुठलं.

तेलाचं पण सांगते. नीट रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रोटीन जवळपास उरत नाही, आणि अ‍ॅलर्जी प्रोटीनची असते. पण हल्ली लाकडी घाण्याच्या तेलाचं फॅड आहे (मला आवडतं, वाद नाही), त्यात ते प्रोटीन राहतं. काका भाज्यांना घाण्याचंच तेल वापरत होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शिवाय तळल्याने-भाजल्याने अ‍ॅलर्जी निघून जाते हा गैरसमज आमच्या अ‍ॅडमिनवाल्यालासुद्धा होता. नाही जात, उलट भाजलेला शेंगदाणा कच्च्यापेक्षा जास्त त्रासदायक ठरू शकतो.

आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी आहे एवढंच सांगतो, आत दाणे आहेत की नाहीत ते नाही. पॅकबंद मालावर एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे शेंगदाणे आणि सुका मेवा असल्यास लिहावं लागतं, म्हणून पाकीट वाचता येतं. काकांच्या पातेल्यावर लेबल नसतं. तिथे विचारण्याशिवाय मार्ग नाही.

काय काय पर्याय होते

पहिला पर्याय अ‍ॅडमिनने सुचवला, तिच्यासाठी बाहेरून पार्सल मागवू. सोपं आणि स्वस्त. पण बाहेरच्या हॉटेलची व्हेज ग्रेव्हीही काजूचीच असते, म्हणजे प्रश्न फक्त दुसऱ्या किचनमध्ये गेला, तिथे तर आपण कोणाला ओळखतही नाही. आणि तिने जे टाळायचं म्हणून मेल लिहिला, वेगळं काहीतरी घेऊन बसणं, तेच आपण तिला ऑफिसच्या खर्चाने देणार.

दुसरा पर्याय, अख्खा कार्यक्रम दाणे-काजूमुक्त करायचा. मला सुरुवातीला हाच सगळ्यात स्वच्छ वाटला. पण दोन अडचणी होत्या. एकतर तिने स्वतःच नको म्हटलं होतं, आणि मेनूतून अचानक कूट गायब झालं की लोक विचारणार, मग नाव बाहेर येणार. दुसरं म्हणजे मुक्त असं जाहीर केलं आणि कुठूनतरी दाणा आलाच तर ते जास्त धोक्याचं, कारण तोपर्यंत ती विश्वासाने खात असणार.

तिसरा, व्हेज काउंटरवर एखाद-दोन पदार्थ सुरक्षित ठेवायचे आणि तसं लेबल लावायचं. इथे आपला समाज आड येतो. बुफेमध्ये लोक एका पातेल्यातला डाव दुसऱ्यात घालतात, काकडीतला चमचा वरणात सापडतो, लेबल कितीही मोठं लावा. कुटाचं पातेलं शेजारी असेल तर तासाभराने लेबलाला अर्थ उरत नाही.

चौथा, आणि शेवटी हाच घेतला, दुसऱ्या-तिसऱ्याचं मिश्रण. व्हेज काउंटरवरच्या सगळ्या शिजवलेल्या पदार्थांमधून दाणे-काजू काढायचे, पण बदल असे करायचे की मेनू कमी झाल्यासारखा वाटू नये. ज्यांना काजू-बदाम हवेच त्यांच्यासाठी सुक्या मेव्याचं एक टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला. आणि तिचं ताट काउंटर उघडायच्या आधी, डाव स्वच्छ असताना, वाढून बाजूला झाकून ठेवायचं. कसलीही जाहिरात करायची नाही.

मध्येच सर्टिफिकेटचा वाद झाला. फायनान्सवाले म्हणाले की उद्या कोणीही उठून काहीही मागेल, डॉक्टरचा कागद घ्या. मी विरोध केला. कूट न घालण्यासाठी कागद कशाला लागतो, आपण शाकाहारी माणसाकडे कुठे पुरावा मागतो. पण दुसरी एक गोष्ट मात्र मी तिला विचारली, तिची इच्छा असेल तर, की त्रास झालाच तर काय करायचं हे डॉक्टरांनी लिहून दिलंय का. तिने लगेच पाठवलं.

काय केलं

आधी तिच्याशी अर्धा तास बोलले, मेलवर नाही, समोरासमोर. तीळ चालतात का, ओलं खोबरं चालतं का, जायफळ चालतं का हे तिथेच कळलं. तिन्ही चालत होती. (नारळ आणि जायफळ यांचा या अ‍ॅलर्जीशी सहसा संबंध नसतो, पण तिळाची वेगळी अ‍ॅलर्जी काहींना असते, म्हणून गृहीत धरू नये.) हे बोलणं झालं नसतं तर काकांनी भीतीने खोबरंही काढलं असतं आणि मग खरंच वरण-भात उरला असता.

मग काकांच्या किचनमध्ये तिला घेऊन गेले. नाव, टीम काही सांगितलं नाही, पण बाईंना बघितल्यावर काकांना जे कळायचं ते कळलं, आणि खरं सांगायचं तर त्याचाच उपयोग झाला, फोनवर "बघतो" म्हणणारा माणूस समोर एकदम सिरीयस झाला. मेनू असा ठरला. भरली वांगी तीळ आणि सुक्या खोबऱ्याच्या मसाल्यात. अळूत फक्त हरभऱ्याची डाळ आणि मुळा. खमंग काकडीत कुटाऐवजी ओलं खोबरं आणि भाजलेल्या डाळ्यांची पूड, तीही ऐनवेळी घालायची नाहीतर पाणी सुटतं. मसालेभातावर काजू नाही, खोबरं-कोथिंबीर भरपूर. पनीरची ग्रेव्ही कांदा-टोमॅटो आणि मगजाची, म्हणजे टरबूज-खरबुजाच्या बियांची, हॉटेलवाले काजू महाग झाला की हेच करतात. फक्त मगज सुटा घ्यायचा नाही, कारण किराण्याच्या दुकानात काजूतुकड्याच्या आणि मगजाच्या पोत्यात एकच माप फिरतं, पॅकबंद घ्यायचा आणि मागचं बारीक वाचायचं. श्रीखंड मात्र सोडावं लागलं, डेअरीच्या डब्यावर सुक्या मेव्याचा अंश असू शकतो असं छापलेलं होतं. त्याऐवजी जिलबी, नव्या तुपात, त्या कढईत आधी काजू तळलेले नकोत.

भांड्यांचं ठरलं की मिक्सर धुवून चालणार नाही, कुटाचं भांडं वेगळं असतंच तर या कामाला दुसरं घ्यायचं. झाकणाच्या रबरात कूट अडकून बसतं, ते बोटाने काढून काकांनी स्वतः दाखवलं. ही ओली चिकट पांढरट रेघ बघितल्यावर मला पुढे कोणाला समजावून सांगायला फार कष्ट पडले नाहीत.

तेल सूर्यफुलाचं.

खर्चाचं विचाराल तर काजू आणि श्रीखंड गेल्याने पैसे वाचले, एक जास्तीचा वाढपी आणि वेगळी भांडी यात ते परत गेले, ताटामागे फरक किरकोळ पडला. मॅनेजमेंटला हे आधी सांगितलं असतं तर मंजुरीला आठवडा गेला नसता.

तब्येतीच्या बाजूने एवढंच केलं. अशा गंभीर रिअ‍ॅक्शनला पहिलं औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, आणि लगेच १०८ ला फोन. लोक अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघतात, ती गोळी खाज कमी करते, घसा उघडत नाही आणि बीपी सावरत नाही. परदेशात तयार पेन मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून तिच्या डॉक्टरांनी अँप्यूल आणि सिरिंज दिलेली. ती तिच्या बॅगेत असायची आणि ऑफिसमध्ये कोणाला माहीत नव्हतं. तिने स्वतः निवडलेल्या दोघांना टाय-अपच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की कसं द्यायचं, आणि त्रास होताना माणसाला उभं करून चालवत न्यायचं नाही, आडवं झोपवून पाय वर ठेवायचे, श्वास लागत असेल तर बसवायचं. आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटलमध्ये न्यायचंच, कारण काही तासांनी परत उसळू शकतं.

कार्यक्रमाच्या दिवशी

साडेबाराला तिचं ताट वाढून झालं, झाकून आतल्या खोलीत. एकला काउंटर उघडला. आणि पाच मिनिटांत काकांच्या एका वाढप्याने, जो आदल्या दिवशीच्या बोलण्यात नव्हता, मसालेभाताच्या पातेल्यावर मूठभर तळलेले काजू पसरले. घरून आणलेले, स्वतःच्या डब्यातून. विचारलं तर म्हणतो, "भात उघडा वाटत होता."

आमच्या अ‍ॅडमिनचा माणूस तिथे उभाच होता म्हणून दिसलं. पहिला विचार सगळ्यांचा तोच, वरचे काजू वेचून काढू. नाही काढले. तुकडे आणि तूप खाली उतरलेलं असतं, वेचल्याने फक्त दिसणं बंद होतं. ते पातेलं उचलून सुक्या मेव्याच्या टेबलावर ठेवलं, आतून दुसरं पातेलं आणलं, डाव बदलला. लोकांना वाटलं भात संपला म्हणून बदलला. तिचं ताट आधीच वेगळं होतं म्हणून त्या क्षणी घाम फुटला नाही, नाहीतर दुसऱ्या पातेल्याचीही खात्री कोणी दिली असती? तिने दुसऱ्यांदा भात घेतला नाही, आम्ही काय झालं ते तिला सांगितलं होतं, निर्णय तिचा.

बाकी जेवण सगळ्यांना आवडलं, वांग्यांची तर रेसिपी विचारली लोकांनी. काकडीबद्दल दोन-तीन ज्येष्ठ मंडळींनी नाक मुरडलं, ते चालायचंच.

चार वाजता एका टीमने आपल्या मॅनेजरच्या बढतीचा केक कापला. बटरस्कॉच, आणि त्यातले कुरकुरीत दाणे म्हणजे काजूचे तुकडे साखरेत घोळवलेले. ऑर्डर टीमने आपल्या पैशाने परस्पर दिलेली, एचआरला पत्ता नाही. कोणीतरी कौतुकाने तिच्यापुढे तुकडा धरला, तिने अंड्याचं कारण सांगून नाही म्हटलं. अंडं हे कारण आपल्याकडे लगेच पचतं, अ‍ॅलर्जी सांगितली की "एवढ्याशाने काय होतंय" सुरू होतं.

नंतर काय बदललं

कार्यक्रमाच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आला: जेवणात काय चालत नाही, आणि चुकून खाल्लं तर त्रास किती होतो. दुसरा भाग महत्त्वाचा, कारण वांगं आवडत नाही आणि काजूने श्वास अडकतो हे दोन्ही "चालत नाही" मध्येच येतात. पहिल्याच फॉर्ममध्ये अजून दोघांनी लिहिलं, एकाला दुधाचं, एकीला फक्त अक्रोडाचं. दोघंही जुने कर्मचारी, इतकी वर्षं गप्प जेवत होते.

काकांनी त्यांच्या मेनूच्या कागदावर कूट असलेल्या पदार्थांपुढे फुली मारायला सुरुवात केली. सगळ्या गिऱ्हाइकांसाठी, आमच्यासाठीच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं उत्तर द्यायच्या आधी फोन उचलायला हवा होता. ती एक ओळ लिहायला ती मुलगी कचरली नाही, पण दुसरी एखादी गप्प बसून डबाच आणत राहिली असती.

वाढप्यांपर्यंत निरोप पोचला नव्हता. काका, स्वयंपाकी, भांडीवाल्या मावशी, सगळ्यांना माहीत होतं, आणि शेवटचा हात ज्याचा लागणार त्यालाच नाही. पुढच्या वेळेपासून काउंटर उघडायच्या आधी वाढप्यांना एकत्र उभं करून सांगतो, आणि वरून पेरायचं काहीही काकांच्या हाताशिवाय पडत नाही.

गुप्ततेचं आम्ही तिच्या शब्दाला धरून केलं, पण मला अजून वाटतं की तिच्या थेट टीमला माहीत असतं तर केकचा प्रसंग टळला असता. तिला मी विचारलंही. ती म्हणाली आधी सहा महिने लोकांना मला ओळखू दे, मग सांगते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तिचं बरोबर असेल.

दिवाळीला भेट म्हणून ड्रायफ्रूटचा डबा ठरलेला असतो, त्याची ऑर्डर तोपर्यंत गेली होती. तिला तो देऊन नंतर बदलून द्या म्हणण्यापेक्षा या वर्षी सगळ्यांनाच दोन पर्याय दिले, डबा किंवा कुपन, आणि कुपन घेणारे अपेक्षेपेक्षा खूप निघाले. पॅन्ट्रीतल्या खाऱ्या दाण्यांच्या आणि चिक्कीच्या बरण्या मात्र तिथेच आहेत. त्या हलवायचा प्रस्ताव मी मांडला, तिनेच नको म्हटलं, फक्त कॉफी मशीनच्या शेजारून उचलून दुसऱ्या शेल्फवर ठेवायला सांगितल्या.